वहीतली टिपणे देवनागरीत ठेवा: इंग्रजी संदर्भ स्वतःच्या शब्दांत मांडताना

आपल्या खान्देशातल्या महाविद्यालयांत एम. ए. किंवा एम. कॉम.चा प्रकल्प आणि पुढे पीएच.डी.चा प्रबंध इंग्रजीत लिहिणारे बहुतेक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात, आणि घरी त्यांतले अनेक जण अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात. त्यांच्या लेखनात जी नक्कल सापडते, तिच्यातली फारच थोडी चोरीच्या हेतूने केलेली असते. इंग्रजी शिकवताना आणि विद्यार्थ्यांची प्रकरणे वाचताना माझे हे मत पक्के झाले आहे, की ही नक्कल लिहायला बसल्यावर होत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी, टिपणे काढतानाच झालेली असते. म्हणूनच तिच्यावरचा उपायही टिपणांच्या वहीत आहे, आणि तो मराठी विद्यार्थ्याला इतरांपेक्षा सोपा आहे.

नेहमी घडते ते असे. विद्यार्थी ग्रंथालयात इंग्रजी पुस्तक उघडतो, वाक्य महत्त्वाचे वाटले की ते वहीत जसेच्या तसे उतरवतो, मध्येच एखादे वाक्य स्वतःचे लिहितो, पुन्हा पुस्तकातले दोन शब्द घेतो. अवतरणचिन्हे नसतात, पृष्ठक्रमांक नसतो. दोन महिन्यांनी तीच वही घेऊन प्रकरण लिहायला बसल्यावर कोणते वाक्य लेखकाचे आणि कोणते आपले, हे त्याचे त्यालाच ओळखता येत नाही. मग तो सगळीच वाक्ये थोडीफार बदलून घेतो आणि परिच्छेदाच्या शेवटी एक संदर्भ जोडतो. इथे त्याची निष्ठा कमी पडलेली नसते, नोंद कमी पडलेली असते.

ही 'थोडीफार बदलण्याची' पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. उदाहरणासाठी मी स्वतःच एक साधा इंग्रजी उतारा तयार केला आहे आणि विषय आपल्या रावेर-यावलच्या केळीबागांना जवळचा, ठिबक सिंचनाचा घेतला आहे. वाक्ये देवनागरीत देत आहे, म्हणजे मोठ्याने वाचली की साम्य कानालाच कळेल. मूळ उतारा असा आहे असे समजा:

'बिकॉज ड्रिप इरिगेशन डिलिव्हर्स वॉटर स्लोली अँड डायरेक्टली टु द रूट झोन, इट रिड्यूसेस लॉसेस फ्रॉम इव्हॅपोरेशन अँड सरफेस रनऑफ, अँड फार्मर्स कॅन अप्लाय फर्टिलायझर थ्रू द सेम पाइप्स. द हाय इनिशियल कॉस्ट ऑफ द सिस्टिम, हाउएव्हर, डिस्करेजेस स्मॉल फार्मर्स फ्रॉम अडॉप्टिंग इट.'

विद्यार्थी उतारा समोर ठेवून, शब्दकोश हाताशी घेऊन लिहितो तेव्हा बहुधा हे तयार होते:

'सिन्स ड्रिप इरिगेशन सप्लाइज वॉटर ग्रॅज्युअली अँड स्ट्रेट टु द रूट एरिया, इट डिक्रीजेस लॉसेस फ्रॉम इव्हॅपोरेशन अँड सरफेस रनऑफ, अँड कल्टिव्हेटर्स कॅन गिव्ह फर्टिलायझर थ्रू द सेम पाइप्स. द लार्ज स्टार्टिंग कॉस्ट ऑफ द सिस्टिम, हाउएव्हर, प्रिव्हेंट्स स्मॉल फार्मर्स फ्रॉम यूझिंग इट.'

विद्यार्थ्याला वाटते, आपण बरेच शब्द बदलले. प्रत्यक्षात वाक्याचा सांगाडा जागचा हललेला नाही. कारण आधी, मग पाण्याची बचत, मग खत, आणि शेवटी 'हाउएव्हर'सह खर्च, हा क्रम लेखकाचा आहे, आणि वाक्य कुठे तोडायचे हा निर्णयही लेखकाचाच आहे. रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकी प्राध्यापिकेने १९९०च्या दशकात अशा लेखनाला 'पॅचरायटिंग', म्हणजे ठिगळे जोडलेले लेखन, असे नाव दिले. चोर म्हणून शिक्षा करण्यापेक्षा, मजकूर अजून पुरता न समजलेल्या शिकाऊ लेखकाची ही पायरी आहे असे ओळखून त्याला शिकवावे, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटते. कारण वरच्या ठिगळात नकलेपेक्षाही वाईट गोष्ट झाली आहे. लेखकाने म्हटले होते की खर्चामुळे लहान शेतकरी कचरतात; विद्यार्थ्याच्या वाक्यात खर्च त्यांना रोखतो, म्हणजे त्यांना ठिबक बसवणे शक्यच होत नाही. शब्दाला शब्द शोधण्याच्या नादात लेखकाने न केलेले विधान त्याच्या नावावर गेले. शिवाय 'रूट झोन' ही शेतीशास्त्रातली ठरलेली संज्ञा आहे. ती बदलायची गरजच नव्हती, बदलल्याने ती फक्त बिघडली.

आता त्याच विद्यार्थ्याला पुस्तक मिटायला सांगा आणि शेजारच्या मित्राला हा उतारा काय म्हणतो ते घरच्या बोलीत सांगायला लावा. तो काहीसे असे सांगेल: 'ठिबकले पहिले पैसा भलता लागस, म्हनीसन ल्हाना शेतकरी मांगे सरकस. पन पानी वाया जात नही, खतबी त्याच नळीमाईन देता येस.' या सांगण्यात क्रम आपोआप उलटला आहे. खर्च पुढे आला, कारण ऐकणाऱ्याला आधी तेच विचारायचे असते. लेखकाचे एकही वाक्य यात उरलेले नाही, अर्थ मात्र शाबूत आहे, आणि 'मागे सरकणे' हा अर्थ 'रोखणे' यापेक्षा मुळाला जवळचा आहे. हे सांगणे तो वहीत देवनागरीत लिहितो, बाजूला लेखकाचे आडनाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक लिहितो. पुढे प्रकरण लिहिताना, पुस्तक न उघडता, या टिपणावरून तो इंग्रजी वाक्य तयार करतो:

'अ स्मॉल फार्मर मे हेझिटेट टु इन्स्टॉल ड्रिप इरिगेशन बिकॉज सो मच मनी इज नीडेड ॲट द स्टार्ट, ईव्हन दो द मेथड वेस्ट्स लेस वॉटर अँड लेट्स हिम गिव्ह फर्टिलायझर अलाँग विथ इट.'

वाक्याच्या आधी 'अकॉर्डिंग टु' आणि लेखकाचे नाव येईल. त्यानंतरच पुस्तक पुन्हा उघडायचे आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहायचे: अर्थ सरकला आहे का, आणि सलग काही शब्द तसेच उतरले आहेत का. 'ड्रिप इरिगेशन', 'फर्टिलायझर', 'स्मॉल फार्मर' हे शब्द दोन्हीकडे आहेत. ते विषयाचेच शब्द असल्यामुळे असू द्यावेत. बाष्पीभवनाचा उल्लेख या वाक्यात आलेला नाही. विद्यार्थ्याचा मुद्दा खर्चाचा असेल तर तो गाळलेला चालतो, पाणीबचतीचा असेल तर तो परत आणावा लागेल. लेखकाचा एखादा शब्दप्रयोग इतका नेमका असेल की त्याला पर्याय सुचत नाही, तर तो अवतरणचिन्हांत पृष्ठक्रमांकासह तसाच घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

वहीत देवनागरी ठेवा असे मी म्हणतो ते एवढ्यासाठीच. ज्या वहीत स्वतःचे आकलन देवनागरीत आणि लेखकाचे शब्द रोमन लिपीत असतात, त्या वहीत दोन महिन्यांनीही घोटाळा होत नाही. रोमन लिपीत दिसेल ते लेखकाचे, म्हणून त्याला जागच्या जागी अवतरणचिन्हे आणि पृष्ठक्रमांक हवाच. इंग्रजीतच विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला ही खूण मुद्दाम रंगीत पेनाने करावी लागते, आपल्या विद्यार्थ्याला ती लिपीच करून देते. मात्र एक पथ्य पाळावे लागते. पुस्तक उघडे ठेवून वाक्यामागून वाक्य मराठीत भाषांतर केले, तर लेखकाचा सांगाडा मराठीतून फिरून पुन्हा इंग्रजीत येतो, आणि भाषांतरित नक्कल ही नक्कलच असते. टिपण मिटलेल्या पुस्तकावरूनच व्हायला हवे. सांगता आले नाही, तर उतारा समजलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा वाचावे, पण उतरवू नये.

सारांशाची गोष्ट याहून वेगळी आहे. पॅराफ्रेज म्हणजे मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडणे. तो एखाद्या उताऱ्याचा आणि साधारण तेवढ्याच लांबीचा असतो, सारांश सबंध लेखाचा आणि अगदी थोडक्यात असतो. हॉवर्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांची १८ संशोधनपर लेखने तपासली होती. त्यांपैकी एकातही कोणत्याही संदर्भाचा सारांश नव्हता. सगळे काम सुट्या वाक्यांवरून चाललेले होते. आपल्याकडच्या 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर'मध्ये तर लेखाच्या सुरुवातीचा ॲब्स्ट्रॅक्टच सारांश म्हणून उतरवला जातो. तो लेखकाने स्वतः केलेला सारांश आहे, त्याची नक्कल म्हणजे लेखाचीच नक्कल. खरा सारांश करायचा तर प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो काय करतो हे मराठीत तीन-चार शब्दांत लिहावे: 'पाणी किती वाचते', 'खर्चाची अडचण', 'एका गावाचे उदाहरण'. मग फक्त हे समास वाचून लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात आणि त्याचा आधार दुसऱ्या वाक्यात सांगावा. लेखात खर्चावर एकच परिच्छेद असेल आणि सारांशाचा निम्मा भाग खर्चावरच असेल, तर तोल गेल्याचे समासातल्या नोंदींवरून लगेच ध्यानात येते.

सॉफ्टवेअर दाखवते त्या साम्याच्या टक्केवारीबद्दल बोलायलाच हवे, कारण ठिगळांच्या मागे तिचीच भीती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत गेले तर सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ६० टक्क्यांपर्यंत गेले तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य त्यात धरत नाहीत. आता वरचे ठिगळ पुन्हा पाहा: त्यात मुळाशी सलग जुळणारा सर्वांत लांब तुकडा सात शब्दांचा आहे. सॉफ्टवेअरमधून ते सुटूही शकेल, आणि जाणत्या परीक्षकाच्या नजरेत मात्र ते पहिल्याच वाचनात येईल. रिपोर्टमध्ये कमी आकडा येणे आणि लेखन आपले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅराफ्रेज कितीही स्वच्छ असला तरी संदर्भ द्यावाच लागतो, कारण विचार तरीही लेखकाचाच असतो, आणि हे कोणताही आकडा दाखवत नाही. संदर्भ परिच्छेदाच्या टोकाला एकदाच टाकण्याऐवजी उसना विचार सुरू होतो तिथेच लेखकाचे नाव घ्यावे, म्हणजे तो कुठून कुठवर आहे ते वाचकाला कळते.

माझे शेवटचे म्हणणे गाइडांसाठी आहे. वरचे पॅराफ्रेज केलेले इंग्रजी वाक्य साधे आहे, आणि असे वाक्य 'भाषेचा दर्जा वाढवा' असा लाल शेरा मारून परत पाठवले जाताना मी पाहिले आहे. तो शेरा विद्यार्थ्याला सरळ पुस्तकातल्या वाक्याकडे ढकलतो, कारण दर्जेदार इंग्रजी त्याला तिथेच मिळते. व्याकरण जरूर दुरुस्त करावे, साधेपणा दुरुस्त करू नये. आणि प्रकरणाबरोबर टिपणांची वहीही मागून घ्यावी. संशय असलेल्या परिच्छेदाचे देवनागरी टिपण तिच्यात असेल तर बोलण्यासारखे फारसे उरत नाही, आणि नसेल तर प्लॅजरिझम रिपोर्टची वाट न पाहता त्या परिच्छेदापासूनच विद्यार्थ्याशी बोलायला बसता येते.