शेजाऱ्याला सांत्वनाचा मेसेज लिहिताना

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की पाच मिनिटांत पंचवीस वेळा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडते. त्याला माझी हरकत नाही. पण जिन्यात रोज भेटणाऱ्या बाईचा नवरा गेला असेल, तर तेवढ्यावर भागवू नये असं मला मनापासून वाटतं. तिला वेगळा, तिच्या नंबरवर मेसेज लिहावा. ग्रुपमध्ये बहुधा गेलेल्या माणसाचा नंबरही असतो आणि घरात पडलेला त्याचा फोन त्या प्रत्येक श्रद्धांजलीला वाजत राहतो, हेही लक्षात असू द्या.

समजा, तळमजल्यावरचे काका आठ महिन्यांच्या आजारानंतर गेले. हाताशी असलेला तयार मजकूर असा असतो:

‘आपल्या पतींच्या आकस्मिक निधनाची वार्ता ऐकून अतीव दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणांस हे डोंगराएवढे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. काहीही लागलं तर निःसंकोच सांगा.’

आठ महिने उशाशी बसलेल्या काकूंना हे ‘आकस्मिक’ टोचतं. ते वाचताच त्यांना कळतं की मजकूर कुठून तरी उचललाय. काकांचं यात काहीच नाही, कुणाच्याही नवऱ्याला तो लागू पडेल. लिहिणारी काकूंना एरवी ‘आपणांस’ म्हणत नाही, मग आजच का? आणि शेवटचं वाक्य दिसायला मदतीचं असलं तरी काम काकूंच्याच गळ्यात घालतं. काय लागेल ते त्यांनी आठवायचं, कुणाला सांगावं ते ठरवायचं, वर मागायचा संकोचही त्यांनीच करायचा. त्या अवस्थेत कुणी मागत नाही.

तोच मेसेज मी असा लिहीन:

‘काकू, मी दुसऱ्या मजल्यावरची मेघना. काका गेल्याचं आत्ता कळलं, फार वाईट वाटलं. पाणी आलं नाही की टाकीवर आधी काकाच जायचे. उन्हाळ्यात मोटर बंद पडली तेव्हा कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा ते त्यांनी मला न कंटाळता दोनदा दाखवलं होतं. तुम्ही त्यांचं किती केलंत ते आम्ही रोज बघत होतो. रात्री आठला दहा जणांचा पिठलं-भात पाठवते, तुमच्या जाऊबाईंशी बोललेय. उद्यापासून दहाव्यापर्यंत तुमचं दूध मी घेऊन दाराशी ठेवेन, बेल वाजवणार नाही. उत्तर द्यायची काही गरज नाही.’

सुरुवातीला स्वतःचं नाव हवंच. त्या दिवशी फोन बहुतेक मुलाच्या नाहीतर भाच्याच्या हातात असतो आणि त्याला नुसता नंबर दिसतो. आठवण एकच, खरी आणि लहान हवी. काकांचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं तरी ती जमत असेल, तर ती खोडून दुसरी शोधा. मात्र ओढूनताणून जवळीक दाखवू नका. कोण किती जवळचं होतं ते काकूंना पक्कं ठाऊक असतं. फारशी ओळख नसेल तर ‘काकांशी माझं बोलणं थोडंच झालं, पण गेटपाशी ते नेहमी थांबून विचारपूस करायचे’ एवढं पुरतं.

‘सुटले बिचारे’ घरच्यांनी म्हणावं, शेजाऱ्याने नाही. ‘आता मुलांसाठी खंबीर व्हा’ हे तर पहिल्या दिवशी कुणीच म्हणू नये. शेवटी काय झालं होतं, हा प्रश्नही नको.

मदत लिहिताना वस्तू, वेळ आणि माणसं ठरवून लिहा. घरात चूल पेटत नाही म्हणून चार घरांतून पिठलं-भात येतो आणि निम्मा वाया जातो, म्हणून किती माणसं आहेत ते काकूंना न विचारता एखाद्या नातेवाइकाला विचारा. प्रत्येक घरच्या रीती सारख्या नसतात, तेही तिथेच कळतं. डब्यावर आपलं नाव चिकटवा, म्हणजे नंतर कुणाचा डबा कुठला हे त्यांना शोधत बसावं लागत नाही.

दुसरा मेसेज तेराव्यानंतर, पाहुणे गेल्यावर करावा. तोवर ग्रुप शांत झालेला असतो आणि कागदपत्रं पुढ्यात आलेली असतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. मृत्यू हॉस्पिटलमध्ये झाला असेल तर ती माहिती हॉस्पिटल कळवतं, घरी झाला असेल तर घरच्यांना कळवावी लागते. पुढे बँक, विमा, पेन्शन, सोसायटीतला फ्लॅट, सगळीकडे दाखला लागतो, त्यामुळे त्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढलेल्या बऱ्या. तेव्हा इतकंच लिहा: ‘काकू, मंगळवारी मी वॉर्ड ऑफिसला जातेय. दाखल्याचं काम राहिलं असेल तर मुलाला माझ्याबरोबर पाठवा, अकराला निघू.’