"३३ ला पास" एवढंच पालकांना सांगू नका

कर्नाटकात एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, पास होण्याचा नियम बदललाय, ही बातमी आता आपल्या बेळगावच्या सीमाभागात घरोघरी पोचलीय. पण पोचलीय ती अर्धीच. "आता ३३ ला पास करतात म्हणे" हे एक वाक्य खानापूरपासून निपाणीपर्यंत फिरतंय. वाईट याचं वाटतं की शाळांनी पालकांना धाडलेल्या नोटिशींतही पुष्कळदा याहून जास्त काही नसतं. मी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये दहावीला शिकवतो. पूर्वपरीक्षेचे मार्क हातात आलेत आणि मुख्य परीक्षा तोंडावर आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

एका शाळेची नोटीस पालकांच्या ग्रुपवरून माझ्यापर्यंत आली. तीन ओळी होत्या. उत्तीर्णतेचा निकष ३५ टक्क्यांवरून ३३ टक्के करण्यात आला आहे. पालकांनी याची नोंद घ्यावी. पाल्य अनुत्तीर्ण झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. खाली शिक्का आणि सही. पहिल्या ओळीत अर्धी माहिती, तिसऱ्या ओळीत दमदाटी. ज्या आईला ही नोटीस मिळाली तिला मुलाच्या कुठल्या विषयाकडे बघायचं ते काहीच कळलं नसणार.

नियम काय आहे ते आधी नीट मांडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्षणमंत्री मधू बंगारप्पा यांनी हा बदल जाहीर केला आणि तो २०२५-२६ च्या परीक्षेपासून लागू झाला. पास व्हायला दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हायला लागतात. एक, सहा विषयांचे मिळून ६२५ पैकी किमान २०६ मार्क पाहिजेत. हेच ते ३३ टक्के. दोन, प्रत्येक विषयात किमान ३० टक्के पाहिजेत. म्हणजे ३३ हा आकडा एकूण बेरजेचा आहे, एकेका विषयाचा नव्हे. आधी प्रत्येक विषयाला ३५ टक्के लागायचे.

आता घोळ कुठे होतो बघा. आपल्या मुलांची पहिली भाषा मराठी. तो पेपर अंतर्गत गुण धरून १२५ मार्कांचा. बाकी पाच विषय शंभर-शंभरचे. १२५ चे ३० टक्के म्हणजे साडेसदतीस, म्हणजे ३८ मार्क तरी हवेतच. "३३ ला पास" एवढंच ऐकलेल्या घरात मराठीला ३६ पडले तर सगळे निवांत बसतात. प्रत्यक्षात ते पोर मराठीतच नापास असतं.

दुसरा घोळ याहून मोठा. समजा एखाद्या मुलाने प्रत्येक विषयात अगदी काठावरचे मार्क मिळवले. मराठीत ३८ आणि बाकी पाचही विषयांत ३०. विषयवार बघितलं तर सगळीकडे पास. बेरीज करा: ३८ अधिक १५०, म्हणजे १८८. पाहिजेत २०६. अठरा मार्क कमी पडले, निकाल नापास. पालकांना सगळ्यात आधी हे सांगायला पाहिजे आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

आमच्याच वर्गातल्या एका मुलीचे मार्क बघा. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदललेत. मराठी ४४, इंग्रजी ३१, कन्नड ३०, गणित ३०, विज्ञान ३१, समाज ३२. एकूण १९८. तिचे वडील उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत, शिफ्ट संपवून संध्याकाळी शाळेत आले. "सर, सगळ्यात तीसच्या वर हाय की, मग पास की हो पोरगी?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण त्यांना तेवढंच सांगितलं गेलं होतं. मी कागदावर बेरीज करून दाखवली. आठ मार्क कमी. मग ते म्हणाले, "तर मग गणिताची शिकवणी लावतो."

इथेच नोटिशीचं खरं काम सुरू होतं. त्या मुलीला गणितात ३० आहेत. तिथे आहे ते टिकवायला हवंच, पण उरलेल्या थोड्या दिवसांत गणितात आठ मार्क वाढवणं तिला फार जड जाईल. मराठीत तिला १२५ पैकी ४४ आहेत. घरात, गल्लीत, सगळीकडे मराठी बोलणारी पोरगी, पत्र आणि निबंध कोरे सोडून आली होती. तिथे आठ काय, पंधरा मार्क निघतील. समाजविज्ञानात नकाशा आणि छोट्या उत्तरांतून आणखी चार-पाच. शिकवणीचे पैसे न घालता बेरीज २०६ च्या पुढे जाते. बाकी पाच विषयांत जेमतेम ३० असतील त्या मुलाला मराठीत ५६ मिळाले, तरी बेरीज बरोबर २०६ होते. नव्या नियमात आपल्या पोरांसाठी मराठीचा पेपर इतका मोलाचा झालाय. आणि घरी त्याच पेपराला "मराठी काय, येतंयच की" म्हणून सोडून देतात.

याच्या उलट एक मुलगा. मराठी ७८, इंग्रजी ३६, कन्नड ४१, विज्ञान ३५, समाज ४५, गणित २७. बेरीज २६२, म्हणजे २०६ च्या कितीतरी पुढे. तरी तो नापास, कारण गणितात ३० नाहीत. याच्या घरी गणिताबद्दलच बोलायला हवं. तीन मार्कांसाठी रोज एक तास ठरावीक प्रकारची उदाहरणं सोडवली तर तो निघतो. दोघांची अडचण वेगळी, उपायही वेगळा, आणि शाळेची नोटीस मात्र दोघांच्या घरी एकच गेली.

म्हणून माझं म्हणणं असं, की नोटिशीत प्रत्येक मुलाचे स्वतःचे आकडे हाताने भरलेले असावेत. चाळीस मुलांच्या वर्गाला वर्गशिक्षकाची एक दुपार जाते. त्या दुपारीसाठी वेळ नाही असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. मी तयार केलेला मजकूर खाली देतोय.

"सौ. व श्री. पालक, तसेच घरातील वडीलधारी मंडळी यांस नमस्कार.

दहावीच्या परीक्षेत पास होण्याचा नियम २०२५-२६ पासून बदलला आहे. तो आपल्याला नीट समजावा म्हणून हे पत्र लिहीत आहोत.

पास होण्यासाठी दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही लागतात. सर्व विषयांचे मिळून ६२५ पैकी २०६ किंवा जास्त गुण हवेत. शिवाय मराठीत १२५ पैकी किमान ३८ आणि इतर प्रत्येक विषयात १०० पैकी किमान ३० गुण हवेत. प्रत्येक विषयात फक्त एवढेच किमान गुण मिळाले, तर एकूण गुण १८८ होतात आणि मूल पास होत नाही. म्हणून एक-दोन विषयांत जास्त गुण मिळवणे गरजेचे आहे.

आपल्या मुलाचे किंवा मुलीचे पूर्वपरीक्षेतील गुण सोबतच्या चौकटीत लिहिले आहेत. एकूण गुण ____ आहेत. २०६ ला ____ गुण कमी आहेत. किमान गुणांपेक्षा कमी असलेले विषय: ____. गुण लवकर वाढू शकतील असे विषय: ____.

पहिल्या परीक्षेत यश आले नाही, तर त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देता येते. त्यांपैकी चांगले गुण धरले जातात. त्यामुळे मुलांना घाबरवू नये, ही विनंती.

काही शंका असल्यास संध्याकाळी सहा ते सात या वेळेत शाळेत यावे. येणे जमले नाही तर फोन करावा, आम्ही समजावून सांगू.

आपला, वर्गशिक्षक"

यातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्यात. आपल्या खानापूर भागात कितीतरी मुलांचे आईवडील गोव्याला नाहीतर पुण्याला कामाला असतात आणि मुलं आजीपाशी नाहीतर मामाकडे राहतात. नुसतं "पालक" लिहिलं की आजीला वाटतं हे आपल्याला नाही, मुलगा गावी येईल तेव्हा बघेल. तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. भेटीची वेळ संध्याकाळची आहे, कारण सकाळी अकराला बोलावलं तर रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो. आणि "पाल्य" हा शब्द मी टाळलाय. कुठलीही आई आपल्या लेकराला तसं म्हणत नाही.

पुन्हा परीक्षा देता येते हे वाक्य कुणीही गाळू नये. एका वर्षात एकाहून जास्त परीक्षांची ही पद्धत २०२४ पासून आहे, तरी अजून बरेच पालक "एकदा गेलं की वर्ष गेलं" असंच धरून चालतात. पहिल्या निकालानंतर पोरगी घरी बसते, मग लग्नाचं बोलणं सुरू होतं. एक विषय राहिलेल्या मुलीला त्याच वर्षी आणखी संधी आहे, हे तिच्या घरच्यांना परीक्षेच्या आधी कळलं तर ते बोलणं थांबवता येतं. आम्ही ते थांबवलेलं आहे.

सीमाभागासाठी आणखी एक ओळ तोंडी तरी सांगाच. आपली पुष्कळ मुलं दहावीनंतर चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे जातात. महाराष्ट्र बोर्डात पास व्हायला ३५ लागतात. इथे ३३ टक्क्यांच्या काठावर पास झालेल्या मुलाने तिकडच्या कॉलेजात किंवा डिप्लोमाला जायचं ठरवलं असेल तर प्रवेशाला किमान किती टक्के लागतात ते आधी त्या संस्थेत विचारून घ्यावं. टीसी काढून बसल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

काही सहकारी म्हणतात, पासिंग खाली आणल्याने दर्जा घसरेल. मला हा नियम योग्य वाटतो. सीबीएसईलाही ३३ च आहे. मराठी, समाज चांगलं लिहिणारं पोर गणितात ३३ पडले म्हणून दहावीतच अडकावं, यात कुणाचा दर्जा राखला जात होता ते मला कधी कळलं नाही.

सरकारी परिपत्रकं आपल्याकडे कन्नडमधून येतात. ती वाचून मराठीत पालकांपर्यंत नेणं हे आपलं, शिक्षकांचं काम. वरचा मजकूर ज्यांना हवा त्यांनी खुशाल उचलावा, शाळेचं नाव आणि फोन नंबर घालावा. चौकटीतले आकडे मात्र प्रत्येकाचे तपासून भरा, आणि भरून झाल्यावर ३८, ३० आणि २०६ या तीन आकड्यांखाली लाल पेनाने रेघ मारा. पत्र मुलाच्या हातून धाडलं असेल तर दोन दिवसांनी एक फोनही करा, कारण कमी मार्कांचं पत्र दप्तरातच राहतं.