मंडपासाठी रस्ता मोजतात, गाड्या मोजत नाहीत

गणपती जवळ आले की पेठेत राहणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक म्हणतो मंडप नकोत, दुसरा म्हणतो वर्षातले दहा दिवस सोसता येत नाही का. मी दोन्हीत बसत नाही. माझं घर नारायण पेठेतल्या एका गल्लीत आहे. कॉलेजात असताना मीच मंडळाच्या वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरलोय. आणि दोन वर्षांपूर्वी गणपतीतच माझ्या वडिलांना रुग्णवाहिकेपर्यंत मंडपातल्या खुर्चीवर बसवून न्यावं लागलं. त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितोय.

सातव्या दिवसाची रात्र होती. बाबांना धाप लागली. रुग्णवाहिका वेळेत आली, पण चौकातच अडकली. आरतीला आलेली मंडळाची चार पोरं धावत आली, बाबांना खुर्चीसकट उचललं आणि चौकापर्यंत नेलं. बाबा आज ठणठणीत आहेत. त्या पोरांचे उपकार मी विसरणार नाही. पण गाडी आत का आली नाही, हे मात्र मला शोधून काढायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन खाली उतरलो.

गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत वीस फूट. मंडप दहा फूट खोल आणि चाळीस फूट लांब, परवानगीत होता तेवढाच. म्हणजे मंडळाने एक इंचही जास्त घेतला नव्हता. कागदावर दहा फूट रस्ता मोकळा होता आणि रुग्णवाहिकेला आरसे धरून साधारण सात-साडेसात फूट पुरतात. मग अडलं कुठे? एरवी मंडपाच्या जागी आम्हा रहिवाशांच्या दुचाक्या आडव्या उभ्या असतात. एका दुचाकीला अडीच फूट धरा, चाळीस फुटांत सोळा गाड्या होतात. मंडप उभा राहिल्यावर त्या सोळा गाड्या कुठे गेल्या? समोरच्या भिंतीला. आडवी लावलेली दुचाकी सहा फूट जागा खाते. दहातून सहा गेले, उरले चार. चार फुटांतून रुग्णवाहिका जात नाही. अग्निशमनाच्या बंबाचं तर नावच नको, त्याला आठ फुटांहून जास्त लागतात.

तेव्हा लक्षात आलं की रस्ता एकट्या मंडपाने नाही, आमच्या गाड्यांनीही अडवला होता. आणि त्या गाड्यांचा विचार परवानगी देताना कुणीच केलेला नव्हता.

परवानगी मिळते कशी, हे मी नंतर मंडळाच्या अध्यक्षांकडून समजून घेतलं. अर्जासोबत जागेचा नकाशा, स्थानिक पोलीस ठाण्याचा आणि वाहतूक शाखेचा ना हरकत दाखला, मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची परवानगी. नकाशात रस्त्याची रुंदी आणि मंडपाची लांबी-रुंदी असते. तिथे रोज किती गाड्या उभ्या राहतात आणि त्या दहा दिवस कुठे जातील, हे कुठेही लिहिलेलं नसतं. तेही दहा दिवस म्हणायला. वासापूजन झाल्यापासून शेवटचा बांबू निघेपर्यंत जागा अडकलेलीच असते.

त्यात पुण्यात २०२२ मध्ये निर्णय झाला की मंडपाची परवानगी दरवर्षी नव्याने काढायची नाही, एकदाची पाच वर्षं चालेल. मंडळांची धावपळ वाचली, हे चांगलंच झालं. पण पाच वर्षांत गल्ली तशीच राहत नाही. आमच्या मंडपासमोर पूर्वी दुमजली वाडा होता, आज तिथे पाच मजली इमारत आहे. वाड्यात तीन स्कूटर होत्या, इमारतीत वीसच्या वर दुचाक्या आहेत. गल्ली बदलली, नकाशा जुनाच राहिला.

न्यायालयाने याबाबत काही सांगितलेलं नाही असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्याच्या एका जनहित याचिकेवर निकाल देताना स्पष्ट केलं, की रस्त्यावर मंडप घालणं हा धर्मस्वातंत्र्याचा हक्क होत नाही आणि चालण्यासारखे मोकळे रस्ते व पदपथ हा नागरिकांचा हक्क आहे. मी हा निकाल मंडळाला धाक दाखवायला सांगत नाही. परवानगीचा कागद मंडपाच्या दर्शनी भागात लावा एवढंच मागा. तो लावलेला असला की कुणालाही टेप धरून बघता येतं, भांडण करावं लागत नाही.

आता विसर्जनाचा दिवस. वाहतूक शाखेचा आदेश दरवर्षी निघतो. लक्ष्मी रस्ता सकाळी लवकर बंद होतो, जंगली महाराज रस्त्यासारखे नदीपलीकडचे रस्ते दुपारनंतर. बाहेरून येणाऱ्यांसाठी नळ स्टॉप, सेनापती बापट रस्ता, स्वारगेट असा वर्तुळाकार पर्यायी मार्ग असतो. त्या आदेशात दोन ओळी असतात, त्या आम्हा रहिवाशांसाठी सगळ्यात महत्त्वाच्या. पहिली, मिरवणूक मार्गाला जोडणाऱ्या उपरस्त्यांवर शंभर मीटरपर्यंत वाहनं लावायला मनाई. आमची अख्खी गल्ली शंभर मीटरच्या आत येते. म्हणजे आदल्या रात्रीच गाडी बाहेर काढायची. दुसरी ओळ, हे निर्बंध मिरवणूक संपेपर्यंत लागू. मिरवणूक संपणार कधी? २०२५ मध्ये नेहमीपेक्षा लवकर सुरू करूनही तीस तासांच्या वर चालली. ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचंय त्याने आधीच गाडी नदीपलीकडे ठेवावी आणि पुलावरून चालत घरी यावं, दुसरा मार्ग नाही. हे मला जन्मापासून माहीत आहे. आमच्या समोर भाड्याने राहायला आलेल्या मुलीला माहीत नव्हतं, तिची गाडी टोइंगवाल्यांनी उचलली. आदेश मिरवणुकीच्या तोंडावर येतो आणि वर्तमानपत्रात आत कुठेतरी छापला जातो, तिला कळणार कसं?

वाहनतळांची यादीही प्रसिद्ध होते. कॉलेजांची मैदानं, शाळांची पटांगणं. पण ती मिरवणूक बघायला येणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून केलेली असते. मंडपामुळे जागा गेलेल्या रहिवाशाला दहा दिवस रात्रीची गाडी कुठे लावायची, याचं उत्तर त्यात नसतं.

गेल्या वर्षी आम्ही ते आमच्यापुरतं शोधलं. वासापूजनाच्या आधी अध्यक्षांना भेटलो, मोजमापाचा कागद दाखवला. ते म्हणाले, "काका, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं." जवळच्या शाळेला मंडळाने स्वतःच्या लेटरहेडवर पत्र दिलं. संध्याकाळी सातनंतर पटांगणात पंचवीस दुचाक्या लावायच्या, सकाळी सातच्या आत काढायच्या, गाड्यांची यादी वॉचमनकडे. शाळेने मान्य केलं. समोरच्या भिंतीपासून दहा फुटांवर आम्ही फक्कीची रेघ मारली आणि भिंतीला एकही गाडी लावायची नाही असं ठरलं. पहिल्या तीन दिवसांत दोघातिघांनी लावल्याच. कार्यकर्त्यांनी दार वाजवून काढायला लावल्या. पाचव्या दिवशी एका रिक्षावाल्याला विनंती करून संपूर्ण गल्लीतून रिक्षा फिरवून पाहिली, मग एका टेम्पोवाल्याला. टेम्पो आरसे न दुमडता गेला.

क्षेत्रीय कार्यालयाकडे माझी मागणी एवढीच आहे. परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवा : मंडपामुळे किती वाहनं हलणार आणि ती कुठे उभी राहणार. पाच वर्षांची परवानगी ठेवा, पण हा रकाना दरवर्षी भरून घ्या. आणि विसर्जनाचा आदेश आठ दिवस आधी प्रत्येक मंडपावर लावा, तिथे तो रहिवाशांच्या नक्की नजरेस पडेल.

तुमच्या गल्लीत मंडप असेल तर वासापूजनाच्या आधी एकदा टेप घेऊन उतरा. रस्त्याची रुंदी, मंडपाची खोली आणि समोर लागलेल्या गाड्या असे तिन्ही आकडे लिहा. आठ फुटांपेक्षा कमी उरत असेल तर त्याच दिवशी मंडळाशी बोला, बांबू उभे राहिल्यावर काही हलत नाही. आमच्या शाळेला दिलेल्या पत्राचा मजकूर हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.