मुदत आखडली, पैसे नाही बुडाले: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: ताई, तुम्ही लिहिलंय की मधेच मोठा प्लॅन घेतला तरी उरलेले पैसे वाया जात नाहीत. माझं बघा. उद्यमनगरात वर्कशॉप आहे. बिलिंग ॲपचा साधा प्लॅन १ एप्रिलला वर्षासाठी १,२०० भरून घेतला. दुसऱ्या माणसालाही बिल करता यावं म्हणून १ ऑगस्टला ३,००० वाला वार्षिक प्लॅन केला. तेव्हा एक रुपया घेतला नाही, म्हटलं बरं झालं. आणि ६ नोव्हेंबरला खात्यातनं थेट तीन हजार गेले! माझे मार्चपर्यंतचे पैसे भरलेले होते की. जवळजवळ पाच महिने गिळले आणि एका वर्षात ४,२०० काढले. तुमचा लेख वाचून लोक फसतील.

उत्तर:

दादा, तारखा आणि रकमा दिल्यात हे फार बरं केलंत, कारण त्यांच्यावरूनच तुमचा हिशेब लागतो. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. तुमचा एकही रुपया बुडालेला नाही. राग येण्यासारखी गोष्ट मात्र नक्की घडली आहे, पण ती वेगळी. तिच्याकडे नंतर येते.

१ एप्रिल ते ३१ जुलै हे १२२ दिवस तुम्ही साधा प्लॅन वापरलात. राहिले २४३ दिवस. साध्या प्लॅनचा दिवसाचा भाव १,२०० भागिले ३६५, म्हणजे सुमारे ३ रुपये २९ पैसे. त्या भावाने १ ऑगस्टला तुमचे ७९९ रुपये ॲपकडे जमा होते. मोठ्या प्लॅनचा दिवसाचा भाव ८ रुपये २२ पैसे. ७९९ रुपयांत त्याचे किती दिवस बसतात? ९७. आता १ ऑगस्टपासून ९७ दिवस मोजा, बरोबर ६ नोव्हेंबर येतो. गाईच्या दुधाची कुपनं देऊन म्हशीचं दूध घेतलं की पैसे तेवढेच राहतात, लिटर कमी होतात. इथे लिटरच्या जागी दिवस आहेत. तुमचे मार्चपर्यंतचे पैसे भरलेले होते हे खरं, पण ते साध्या प्लॅनचे. मोठ्या प्लॅनला ते नोव्हेंबरपर्यंतच पुरले.

गूगल प्लेवर ॲप बनवणाऱ्याला प्लॅन बदलाच्या वेगवेगळ्या पद्धती मिळतात, त्यांतली ही एक. उरलेल्या पैशाचं वेळेत रूपांतर करायचं, त्या दिवशी काही घ्यायचं नाही आणि पुढची तारीख अलीकडे ओढायची. दुसऱ्या पद्धतीत तारीख हलत नाही, फक्त फरक तिथल्या तिथे कापला जातो. तुमच्या बाबतीत तो फरक २४३ दिवसांसाठी १,१९८ रुपये झाला असता आणि पुढचे ३,००० थेट १ एप्रिलला गेले असते. ॲपलवर वरच्या प्लॅनला जाताना आणखी वेगळं होतं. नव्या प्लॅनची रक्कम लगेच कापली जाते आणि जुन्याच्या उरलेल्या दिवसांचे पैसे रिफंड म्हणून परत येतात.

या पद्धतींत खरंच फरक पडतो का, ते तुमच्याच आकड्यांवर पाहू. तुम्ही आतापर्यंत ४,२०० दिलेत आणि त्यात पुढच्या वर्षीच्या ६ नोव्हेंबरपर्यंत ॲप चालणार आहे. फरक भरण्याच्या पद्धतीने १,२०० अधिक १,१९८ म्हणजे २,३९८ रुपयांत तुम्ही ३१ मार्चपर्यंत पोचला असता. तिथून पुढच्या ६ नोव्हेंबरपर्यंतचे २१९ दिवस मोठ्या भावाने १,८०० रुपयांचे होतात. बेरीज ४,१९८. फरक जेमतेम दोन रुपयांचा, आणि तोही दिवसाच्या अपूर्णांकामुळे.

म्हणून "एका वर्षात ४,२०० काढले" हे मला मान्य नाही. नोव्हेंबरच्या ३,००० पैकी ३१ मार्चपर्यंतच्या १४६ दिवसांचे १,२०० होतात, बाकीचे १,८०० पुढच्या आर्थिक वर्षाचे आहेत. या वर्षी तुम्हाला ॲप २,४०० ला पडलं. तुमच्या सीएला हेच सांगा, आगाऊ भरलेला खर्च म्हणून तो भाग कसा धरायचा ते ते बघतील.

आता रागाची गोष्ट. १ ऑगस्टला "आज शून्य रुपये" असं दिसलं, तेव्हा पुढचे ३,००० कोणत्या तारखेला जाणार हे त्याच पडद्यावर ठळक दिसायला हवं होतं. वर्कशॉप चालवणारा माणूस मार्च-एप्रिलच्या हिशेबाने पैसे बाजूला ठेवतो. त्याला दिवाळीच्या आसपास तीन हजारांचा धक्का बसला तर तो चिडणारच, आणि चिडावंही. ऑटोपेच्या नियमानुसार रक्कम कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना यावी लागते. ५ नोव्हेंबरच्या आसपासचे मेसेज उघडून पाहा. सूचना आलीच नसेल तर तेवढ्या मुद्द्यावर बँकेकडे तक्रार करता येईल.

पैसे खरोखर कमी पडतात अशा जागा वेगळ्या आहेत. तुम्ही वार्षिकवरून मोठ्या प्लॅनच्या मासिक हप्त्यावर गेला असता तर चित्र बदललं असतं. समजा मासिक भाव ३५० आहे. मग दिवसाला साडेअकरा रुपये पडतात आणि तुमच्या ७९९ चे ९७ ऐवजी साधारण ६९ दिवसच होतात. वर्षाचे पैसे एकदम भरून मिळालेली सवलत इथे हातची जाते.

दुसरी जागा याहून वाईट. जुना प्लॅन ॲपच्या वेबसाइटवर यूपीआयने घेतलेला आणि नवा प्ले स्टोअरमधून. स्टोअरला जुन्या खरेदीचा पत्ताच नसतो, त्यामुळे रूपांतर होत नाही. नवे पैसे पूर्ण जातात आणि जुना प्लॅनही चालूच राहतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. बदल केल्या दिवशीच पूर्ण रक्कम कापली गेली, जुन्या प्लॅनची पुढची तारीख तशीच दिसते आहे आणि यूपीआय ॲपच्या ऑटोपे यादीत दोन्ही मंजुऱ्या जिवंत आहेत, तर रूपांतर झालेलं नाही. मग त्याच दिवशी ॲपवाल्यांना लिहायचं आणि जुनी मंजुरी बंद करायची. तुमच्याकडे तसं नाही, कारण १ ऑगस्टला तुमच्याकडून काहीच घेतलं नव्हतं.

तुमच्या माणसाची गरज संपली आणि साध्या प्लॅनवर परत यायचं झालं, तर आधी ॲपला विचारा की बदल लगेच होणार की मुदत संपल्यावर. लगेच रूपांतर झालं तर मोठ्या प्लॅनच्या एका दिवसाचे साध्याचे अडीच दिवस होतील, पण दुसऱ्या माणसाचं लॉगिन त्याच क्षणी बंद पडेल. बहुतेक ठिकाणी खाली येण्याचा बदल मुदत संपल्यावरच लागू होतो आणि तुमच्यासाठी तेच सोयीचं, कारण पैसे भरलेत तोवर दोघांनाही बिलं करता येतील. फक्त ती विनंती पुढच्या ६ नोव्हेंबरच्या आधी, ऑक्टोबरातच नोंदवून ठेवा, नाहीतर पुन्हा ३,००० जातील.