तलावपाळीवरचा वाद: तोंड सुजलं म्हणजे नेफ्रोटिकच का?

काल संध्याकाळी तलावपाळीला आम्ही चौघं बसलो होतो, कटिंग हातात, आणि स्वप्न्याचं डोकं तापलेलं. सकाळी केस प्रेझेंटेशनला सरांनी त्याला उभा धुतला होता. पेशंट सात वर्षांचा पोरगा, सकाळी उठला की डोळे सुजलेले, लघवी कमी. यूरीनमध्ये प्रोटीन २ प्लस. स्वप्न्याने ठोकून दिलं, नेफ्रोटिक सिंड्रोम, मिनिमल चेंज, प्रेडनिसोलोन सुरू करा.

"मग काय चुकलं? लहान मूल, सूज, प्रोटीन. अजून काय पाहिजे?" स्वप्न्या.

"लघवीचा रंग सांग ना," प्राची म्हणाली.

"चहासारखा. म्हणजे आपल्या टपरीवरच्या काळ्या चहासारखा."

प्राचीने कपाळावर हात मारला. ती म्हणाली की नेफ्रोटिकची लघवी फेसाळ असते, तपकिरी नसते, आणि लाल पेशी होत्या का ते विचारलं. होत्या, भरपूर. यावर स्वप्न्या लगेच उसळला, की मिनिमल चेंजच्या पोरांतही कधीकधी मायक्रोस्कोपखाली थोड्या आरबीसी दिसतात, मग? हे खरंय, आणि प्राचीनेही मान्य केलं. पण डोळ्याला लघवी तपकिरी दिसणं वेगळं, असं तिचं म्हणणं.

मग ती बाकीच्या आकड्यांवर आली. स्पॉट यूरीनमध्ये प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो ०.९ (मुलांत नेफ्रोटिक म्हणायला २ च्या वर लागतो, मोठ्यांत दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर प्रोटीन). अल्ब्युमिन ३.४. "३.४ ला कोणी सुजतं का रे? नेफ्रोटिकवाला अडीचच्या खाली जातो. मग या पोराला सूज आली कुठून?"

इथे स्वप्न्या गप्प, म्हणून मी मधे तोंड घातलं. हे नेफ्रिटिक सिंड्रोम आहे. किडनीतली गाळणी, म्हणजे ग्लोमेरुलस, सुजून बंद पडायला लागला की फिल्ट्रेशन कमी होतं, मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी चढतं. पोराचं बीपी १४०/९६ होतं, क्रिएटिनिन १.३, सात वर्षांच्या पोराला हे दोन्ही जास्तच. नेफ्रोटिकमध्ये मूळ भानगड गळतीची, बॅरिअर फाटतो आणि अल्ब्युमिन वाहून जातं. तोंड दोघांचंही फुगतं, कारण मात्र वेगळं, आणि म्हणून कॉम्प्लिकेशन्सही वेगळे. पेपरात लोक ते दोन कॉलम पाठ करून लिहितात आणि उलटे लिहून येतात, मीही आलोय.

प्राचीचं लॉजिक सोपं आहे, काय गळतंय ते बघ. नेफ्रोटिकमध्ये अँटीथ्रॉम्बिन गळतं म्हणून गुठळ्या होतात, रीनल व्हेन थ्रॉम्बोसिस वगैरे, आयजीजी गळतं म्हणून न्यूमोकोकल पेरिटोनायटिस, आणि लिव्हर भरपाईला लिपोप्रोटीन बनवत सुटतं म्हणून कोलेस्टेरॉल. नेफ्रिटिकमध्ये पाणी आणि बीपी मारतं. फुप्फुसात पाणी, हायपरटेन्सिव्ह एन्सेफॅलोपथी, फिट, किडनी बसणं.

"म्हणजे मी स्टेरॉइड देत बसलो असतो आणि पोराला फिट आली असती," स्वप्न्या हळूच म्हणाला. मग नेफ्रिटिकमध्ये लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवून पाणी काढणारं औषध, का देतात ते त्याचं त्यालाच कळलं. आणि नेफ्रोटिकमध्ये, जिथे रक्तवाहिन्यांतलं पाणी आधीच कमी असू शकतं, तिथे तेच लॅसिक्स सढळ हाताने ओतलं तर गुठळीला आमंत्रण, हे प्राचीने वरून टाकलं.

कारण कुठलं, तर पोराच्या आईने सांगितलं होतं की तीनेक आठवड्यांपूर्वी पायावर खरजेचे फोड आले होते आणि पिकले होते. म्हणजे स्ट्रेप्टोकोकसनंतरचा ग्लोमेरुलोनेफ्रायटिस. स्वप्न्या म्हणे एएसओ, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची अँटीबॉडी, नॉर्मल आलाय. असेलच, कातडीच्या इन्फेक्शननंतर एएसओ फारसा चढत नाही, अँटी-डीएनेज बी बघावं लागतं. सी-थ्री हे रक्तातलं कॉम्प्लिमेंट प्रोटीन कमी आलंय आणि साधारण आठ आठवड्यांत ते परत वर यायला हवं. नाही आलं तर मात्र दुसरं काहीतरी शोधायचं, लुपस किंवा एमपीजीएन, आणि मग बायोप्सी.

तरी स्वप्न्याचा शेवटचा पत्ता शिल्लक होता. "रिपोर्टमध्ये आरबीसी कास्ट्स नाहीत असं लिहिलंय. कास्ट नाही तर नेफ्रिटिक कसं म्हणायचं?"

कास्ट म्हणजे नळीच्या साच्यात गोठलेल्या लाल पेशी, दिसला की रक्त ग्लोमेरुलसमधूनच आलंय, मूत्राशयातून किंवा खड्यातून नाही. पण नाजूक प्रकार, लघवी पडून राहिली की विरघळतो, जास्त जोरात सेंट्रिफ्यूज केला की मोडतो.

प्राचीने विचारलं, "सॅम्पल कधी काढलं होतं?"

"सकाळी सहाला."

"आणि लॅबला कधी गेलं?"

स्वप्न्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "वॉर्डबॉय मामांना द्यायचं राहून गेलं रे. बारा वाजले."