सर्वांच्या सूचना स्वीकारण्याची कला

वाचनालयाच्या निमंत्रणपत्रिकेचा मसुदा गूगल डॉक्सवर टाकून कार्यकारिणीतील तिघांना तो एकाच संध्याकाळी तपासायला द्यावा. शेवटचा शब्द कोणाचा, हे मात्र आधी ठरवू नये, कारण त्यामुळे काम लवकर संपण्याचा धोका असतो.

मसुद्यात ‘कविसंमेलन’ असा शब्द असतो. गुरुजी तो खोडून ‘कवीसंमेलन’ सुचवतात, कारण मराठीत ‘कवी’ दीर्घ लिहायचा हे त्यांनी आयुष्यभर शिकवले आहे. चिटणीसबाईंना ‘काव्यसंमेलन’ अधिक भारदस्त वाटते. १९६२च्या लेखननियमांनुसार एकटा ‘कवी’ दीर्घ असला तरी समासाच्या पूर्वपदात तो ह्रस्वच राहतो, म्हणजे मूळ शब्द बरोबर होता आणि बाईंचा बदल निव्वळ आवडीचा प्रश्न आहे, हे कोश उघडल्यास मिनिटभरात कळते. तेव्हा कोश उघडू नये. दोघांचाही मान राखण्यासाठी `Tools` मधील `Review suggested edits` मध्ये जाऊन `Accept all` दाबावे. दोघांनीही पूर्ण शब्द बदलला असल्यामुळे मूळ शब्द जातो, दोघांची भर मात्र टिकते आणि ‘कवीसंमेलनकाव्यसंमेलन’ असा एकोप्याचा शब्द तयार होतो. बटण दाबण्याआधी त्याच चौकटीत परिणामाचे पूर्वदर्शन पाहता येते. तो मोह टाळावा. `Version history` मध्ये आधीच्या मसुद्याला नाव देऊन ठेवणारेही काही जण असतात, पण त्यांचा माणसांवर विश्वासच नसतो, असे म्हणावे लागेल.

यानंतर वेळेकडे वळावे. खजिनदार वरच्या ओळीतील ५.३० खोडून ६ सुचवतात. बाई समासात लिहितात की सभागृह ५.३०पासून घेतले आहे. खजिनदार उत्तर देतात की पाहुणे सहाशिवाय येत नाहीत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात आणि पत्रिकेवर कोणती वेळ छापायची हे प्रमुख पाहुण्यांना काय कळवले आहे यावर ठरते, त्यामुळे त्यांना फोन करणे अत्यंत असभ्य ठरेल. त्याऐवजी चर्चेवरची `Resolve` ची खूण दाबावी. तिने चर्चा समासातून नाहीशी होते, मजकुरातले अक्षरही हलत नाही, आणि प्रत्येकाला आपलेच म्हणणे मान्य झाल्यासारखे वाटते. खजिनदारांची सूचना `Accept all` मध्ये आधीच स्वीकारली गेल्यामुळे वर ६ असते. खाली कार्यक्रमपत्रिकेत तीच वेळ पुन्हा येते, तिला कोणी हात लावलेला नसतो, म्हणून तेथे ५.३० शाबूत राहते.

आता मसुदा अंतिम झाल्याचे कळवावे, पण तिघांचा संपादनाचा अधिकार तसाच ठेवावा. रात्री अकराला गुरुजी पुन्हा एकदा नजर टाकतील आणि ‘कविवर्य’चे ‘कवीवर्य’ करतील. या वेळी थेट मजकुरातच, कारण सूचना देत बसण्याइतका वेळ आता उरलेला नाही. मग पीडीएफ छापखान्यात पाठवावी. कार्यक्रमाच्या दिवशी साडेपाचला कविवर्य सभागृहात येतील. खुर्च्या घेऊन येणारा टेम्पो वरची ओळ वाचून निघालेला असेल.