डायरेक्ट मॅप्ड कॅश: चार ओळींचं ते टिपण आणि त्यातल्या चार चुका

«डायरेक्ट मॅप्ड कॅश, पाठ करून जा. (१) ऑफसेट = log2(ब्लॉक साइज), इंडेक्स = log2(कॅश साइज), उरलेला टॅग. (२) पत्ता डावीकडून तोडायचा: आधी इंडेक्स, मग टॅग, शेवटी ऑफसेट. (३) कॅशमध्ये जागा रिकामी असेपर्यंत जुना ब्लॉक बाहेर जात नाही. (४) प्रत्येक लाइनमध्ये टॅग आणि इंडेक्स दोन्ही साठवतात. एवढं लिहिलं की पूर्ण मार्क!»

परीक्षेसाठी पाठ करायचं हे टिपण. डायरेक्ट मॅप्ड म्हणजे मेमरीतल्या प्रत्येक ब्लॉकला कॅशमध्ये एकच ठरलेली लाइन, आणि तिथे सध्या कोणता ब्लॉक आहे ते टॅगवरून कळतं. परीक्षेत येतो तसाच एक प्रश्न घेऊ आणि टिपणातले चारही मुद्दे त्याच्यावरच तपासू. पत्ता ३२ बिटांचा, प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता, कॅश १६ केबी, ब्लॉक ६४ बाइटचा. 0x1234ABCD हा पत्ता कॅशमध्ये कुठे जाईल?

पहिल्या मुद्द्यातली सूत्रं लावली तर ऑफसेट ६, इंडेक्स १४ आणि टॅग १२ येतो. बेरीज बरोबर ३२ होते, म्हणून लिहिणाऱ्याला शंका येत नाही. पण टॅग म्हणजे उरलेले बिट असल्यामुळे बेरीज ३२ होणारच, इंडेक्स कितीही चुकला तरी. इंडेक्सचं काम एकच: कुठल्या लाइनमध्ये बघायचं ते सांगणं. आपल्या कॅशमध्ये लाइन किती? १६,३८४ बाइट भागिले ६४, म्हणजे २५६. त्यांना क्रमांक द्यायला ८ बिट पुरतात. १४ बिटांनी १६,३८४ लाइनना क्रमांक देता येतील, आणि प्रत्येकी ६४ बाइट धरले तर ती कॅश १ एमबीची झाली.

मग हा १४ आकडा आला कुठून? कॅशमधल्या कोणत्याही एका बाइटपर्यंत पोचायला लागणारे ते एकूण बिट आहेत, म्हणजे इंडेक्स आणि ऑफसेट मिळून. टिपणात ऑफसेट दोनदा मोजला गेला आहे. यातूनच उत्तर तपासायची खूण मिळते: डायरेक्ट मॅप्ड कॅशमध्ये इंडेक्स आणि ऑफसेटची बेरीज log2(कॅश साइज) इतकीच यायला हवी. इथे ८ + ६ = १४. टॅगला राहिले १८.

```
0001 0010 0011 0100 1010 1011 1100 1101

टॅग     000100100011010010   = 0x48D2
इंडेक्स  10101111             = 0xAF = 175
ऑफसेट   001101               = 13
```

म्हणजे हा बाइट १७५ क्रमांकाच्या लाइनमध्ये, ब्लॉकच्या सुरुवातीपासून १३ बाइट पुढे. इथे पत्ता आधी बायनरीत लिहून काढाच. हेक्सचा एक अंक चार बिटांचा असतो आणि आपला ऑफसेट सहा बिटांचा, त्यामुळे तोड नेमकी C या अंकाच्या मधोमध पडते. अनेक जण घाईत CD हे दोन अंक ऑफसेट म्हणून उचलतात आणि तिथून पुढचं सगळं सरकतं.

दुसरा मुद्दा. इंडेक्स डावीकडचा घेतला तर कॅश चालेल, चुकीचा डेटा देणार नाही. फक्त कामाची राहणार नाही. वरचे ८ बिट इंडेक्स धरा. मग 0x12000000 पासून 0x12FFFFFF पर्यंतचा सगळा पट्टा, म्हणजे १६ एमबी मेमरी, एकाच लाइनवर येऊन पडते. ४ केबीचा एक ॲरे ब्लॉकच्या सीमेपासून सुरू होतो असं समजू. त्याचे ब्लॉक ६४. पहिल्यांदा वाचताना दोन्ही रचनांत ६४ मिस होतील, त्यात फरक नाही. फरक दुसऱ्या फेरीत दिसतो. इंडेक्स मधला असेल तर ६४ ब्लॉक ६४ वेगवेगळ्या लाइनमध्ये बसलेले असतात आणि एकही मिस होत नाही. इंडेक्स डावीकडचा असेल तर प्रत्येक ब्लॉकने आधीच्याला हुसकावलेलं असतं, म्हणून पुन्हा ६४ मिस. शेजारचे ब्लॉक शेजारच्या लाइनमध्ये जावेत एवढ्यासाठी इंडेक्स ऑफसेटला लागून घेतात, आणि टॅग सर्वांत डावीकडे जातो.

याचा आणखी एक फायदा १९९२ च्या डेक अल्फा २१०६४ या प्रोसेसरमध्ये दिसतो. त्याची डेटा कॅश डायरेक्ट मॅप्ड, ८ केबीची, ३२ बाइटच्या ब्लॉकची: इंडेक्स ८, ऑफसेट ५, मिळून १३ बिट. त्या मशीनचं पानही ८ केबीचंच होतं. व्हर्च्युअल पत्त्याचं भाषांतर होताना पानाच्या आतले हे १३ बिट बदलत नाहीत, म्हणून भाषांतर पुरं होण्याआधीच लाइन शोधायला सुरुवात करता येते. वरच्या बिटांच्या बाबतीत हे जमलं नसतं.

तिसरा मुद्दा सर्वांत घातक, कारण तो दुसऱ्या प्रकारच्या कॅशबाबत खरा आहे. फुली असोसिएटिव्ह कॅशमध्ये ब्लॉक कुठेही बसू शकतो. तिथे रिकामी जागा आधी भरते. डायरेक्ट मॅप्डमध्ये ब्लॉकला निवडच नसते. आपल्या पत्त्यात १६ केबी, म्हणजे 0x4000, मिळवा: 0x1234EBCD. बिट पाडून पाहा. इंडेक्स पुन्हा 0xAF, ऑफसेट पुन्हा १३, टॅग तेवढा 0x48D3. हे दोन पत्ते आलटून पालटून वाचले तर प्रत्येक वेळी मिस होईल, आणि बाकीच्या २५५ लाइन रिकाम्या असल्या तरी त्यांचा काही उपयोग नाही.

ही अडचण कागदावरचीच नाही:

```
for (i = 0; i < 1024; i++)
    sum += a[i] * b[i];
```

`int` ४ बाइटचा, आणि `b` ची सुरुवात `a` च्या सुरुवातीपासून नेमकी १६ केबीवर. `a[0]` ने आणलेला ब्लॉक `b[0]` हुसकावतो, `a[1]` साठी तो परत आणावा लागतो, आणि २०४८ पैकी २०४८ वाचनं मिस होतात. `b` एका ब्लॉकने, म्हणजे ६४ बाइटने पुढे सरकवा: आता दर १६ वाचनांमागे एकच मिस. एवढ्याशा बदलाने मिस इतके घटले, तर समजायचं की कारण कॅशची अपुरी जागा हे नसून लाइनवरची टक्कर आहे. यालाच कॉन्फ्लिक्ट मिस म्हणतात. याच कारणाने डायरेक्ट मॅप्डच्या उत्तरात एलआरयूचा परिच्छेद घालू नका. कोणाला काढायचं हा प्रश्नच इथे उद्भवत नाही.

चौथा मुद्दा लवकर आटपतो. १७५ व्या लाइनमध्ये "१७५" लिहून ठेवायचं कारण नाही. लाइनची जागा हाच इंडेक्स. साठवतात तो टॅग, आणि सोबत एक व्हॅलिड बिट, ज्याचा टिपणात पत्ताच नाही. मशीन सुरू होताना टॅगच्या जागी काहीही कचरा असू शकतो आणि तो योगायोगाने जुळूही शकतो. म्हणून टॅग जुळला आणि व्हॅलिड १ असेल तरच हिट. एकूण बिट विचारले तर २५६ × (५१२ + १८ + १) = १,३५,९३६. राइट बॅक असेल तर प्रत्येक लाइनला डर्टी बिट आणखी एक.

ऑफसेटचं सूत्र तेवढं बरोबर आहे, पण ब्लॉक कशात मोजायचा हे प्रश्नातल्या पत्त्यावर ठरतं. याच प्रश्नात "वर्ड ॲड्रेसेबल, वर्ड ४ बाइटचा" असं असतं तर ब्लॉकमध्ये १६ वर्ड, म्हणजे ऑफसेट ४. लाइन २५६ च, म्हणून इंडेक्स ८ च. टॅग मात्र २०. मघाची खूण इथेही लागू पडते, फक्त वर्डमध्ये मोजून: कॅश ४०९६ वर्डची, log2 घेतला तर १२, आणि ८ + ४ = १२.